वृत्तसंपादकांनो, साक्षीदाराला ‘मात्र’ लावू नका

जिल्हा आवृत्त्या सांभाळणारे सर्व वृत्तसंपादक आणि रात्रपाळीचे उपसंपादक यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त उपसंपादक. आयुष्यातली बरीच वर्षे जिल्ह्याच्या पानांवर गेली. कोणत्या दैनिकात, ते सांगत नाही. कारण जी चूक सांगणार आहे ती माझ्या हातची आहे आणि तशाच चुका आजही सगळ्यांच्या पानांवर रोज सकाळी दिसतात.

कांद्याचे भाव पडले होते. एका तालुक्याच्या गावाबाहेर, चौफुलीवर शेतकऱ्यांचा रास्ता रोको झाला. दुपारी लाठीमार झाला, दगडही पडले. आमच्या वार्ताहराने मेहनतीने चौघांशी बोलून फोनवर बातमी दिली. मी ती रात्री साडेनऊला घाईघाईत ‘नीट’ केली. छापून आली ती अशी:

‘आंदोलकांनी दगडफेक केल्याने पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला. वारंवार सूचना देऊनही जमाव पांगत नव्हता, असे पोलीस निरीक्षकांनी स्पष्ट केले. आंदोलकांनी मात्र पोलिसांनीच आधी लाठीमार केल्याचा दावा केला आहे. चौफुलीवरील एका टपरीचालकानेही आपण दगडफेक पाहिल्याचे सांगितले.’

तिसऱ्या दिवशी तो टपरीचालक कार्यालयात आला. हातात घडी घातलेला अंक. भांडायला आला नव्हता, नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “साहेब, मी बोललो तेच छापलंय तुम्ही. पण मला पोलिसांचा साक्षीदार करून टाकलं. मी दगड पाहिले, हो. पण मी मागं होतो. पुढं आधी काय झालं ते मला काय दिसणार? आता गावातलं कोणी माझ्याकडं चहा प्यायला थांबत नाही.”

मी अंक उघडून बातमी पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. पोलिसांचे म्हणणे होते, आंदोलकांचे होते, त्रयस्थाचेही होते. ‘दोन्ही बाजू घेतल्या’ असे मी छातीठोकपणे म्हणू शकलो असतो. तरीही निकाल मी लावून ठेवला होता, आणि त्यासाठी एका चहावाल्याला वापरले होते.

तुम्हाला हे पत्र लिहितो आहे ते एवढ्यासाठीच. परस्परविरोधी साक्षी एकाच बातमीत ठेवायच्या असतील, तर त्या नुसत्या ‘घेऊन’ भागत नाही. आपली मराठी फार बोलकी आहे. एका अव्ययात ती कौल देऊन मोकळी होते.

त्या चार वाक्यांत मी काय काय केले ते पाहा. ‘दगडफेक केल्याने’ या दोन शब्दांनी आधी काय आणि नंतर काय, हा सगळ्या वादाचा मुद्दाच मी माझ्या तोंडून निकालात काढला. हे कोणी सांगितले, याचा पत्ता वाक्यात नाही. म्हणजे ते दैनिकाचे म्हणणे झाले. ‘करावा लागला’ यातल्या ‘लागला’ने पोलिसांची नाइलाजाची बाजूही मीच मांडली. ‘सौम्य’ हा शब्द कोणी उच्चारलाही नव्हता. लाठीमाराच्या आधी ‘सौम्य’ आपोआप टंकला जातो, जसा श्रद्धांजलीच्या आधी ‘भावपूर्ण’. निरीक्षकांनी ‘स्पष्ट केले’. स्पष्ट तेच करता येते जे मुळात खरे असते. आंदोलकांनी ‘दावा केला’, म्हणजे आम्हाला शंका आहे. मधे ‘मात्र’ आणि वर ‘पोलिसांनीच’मधला ‘च’. मराठी वाचकाला ‘मात्र’ दिसला की पुढचे म्हणणे हे कुरकुरीचे आहे, हे तो न सांगता ओळखतो. शेवटी टपरीचालका‘नेही’. या ‘ही’ने त्याला उचलून पोलिसांच्या शेजारी उभे केले.

‘म्हणे’, ‘मुळात’, ‘तर’ हीदेखील त्याच घराण्यातली मंडळी. सर्वांत वाईट ‘प्रत्यक्षात’. एकाचे म्हणणे देऊन पुढचे वाक्य ‘प्रत्यक्षात’ने सुरू केले, की पहिला माणूस खोटारडा ठरलाच.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. जो साक्षीदार स्वतः पाहिलेले सांगतो, त्याला एकच क्रियापद: सांगितले, किंवा म्हणाले. सगळ्यांना तेच. ‘सांगितले’ सहा वेळा आले तर येऊ द्या. शाळेत बाईंनी शिकवलेला ‘पुनरुक्ती टाळा’ हा नियम इथे घातक आहे, कारण पर्यायी म्हणून जी क्रियापदे आपण शोधतो (कबूल केले, आरोप केला, निदर्शनास आणले, कांगावा केला) त्या प्रत्येकाच्या पोटात एकेक मत दडलेले असते.

आणखी एक गोष्ट इंग्रजी दैनिकांना भेडसावत नाही, आपल्याला भेडसावते. आदरार्थी बहुवचन. निरीक्षक ‘म्हणाले’, शेतकरी ‘म्हणाला’. आमदार ‘ते’, हमाल ‘तो’. वाचकाला कोणाचे ऐकायचे हे सर्वनामानेच कळते. एका बातमीत साक्ष देणारी प्रौढ माणसे असतील तर सगळी ‘ते’ आणि ‘त्या’. तसेच बोलीचे. शेतकऱ्याचे अवतरण ‘आमी काय बी केलं न्हाई’ असे जसेच्या तसे छापायचे आणि निरीक्षकाचे प्रमाण भाषेत झाडून-पुसून, हा रंग भरणे नव्हे. निरीक्षकही त्या दिवशी पुस्तकी मराठी बोलले नसतील. एकाची बोली ठेवणार असाल तर सगळ्यांची ठेवा. जमत नसेल तर सगळ्यांचे म्हणणे अप्रत्यक्ष कथनात द्या.

पण शब्द धुऊन काढले म्हणजे काम झाले, असे समजू नका. माझ्या बातमीतली खरी खोट त्याहून खोल होती. टपरीचालक कुठे उभा होता, हेच तिच्यात नव्हते.

साक्षीदाराचे म्हणणे जागेशिवाय अर्धेच असते. वार्ताहराने मला फोनवर सांगितले होते की टपरी चौफुलीच्या मागच्या अंगाला आहे, गर्दीच्या पाठीशी, अडकलेल्या एसटीजवळ. जागा वाचवायची म्हणून मी तेवढेच छाटले. कोण कुठे होता, किती वाजल्यापासून होता, त्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, डोळ्यांनी पाहिले की कानांनी ऐकले, आणि आपल्याशी कधी बोलला: हे प्रत्येकाला विचारले आणि छापले, की अर्धे विरोध आपोआप विरघळतात. उरतो तो खरा विरोध, आणि तो बहुधा एखाद-दुसऱ्या मुद्द्याचा असतो.

चौफुलीचेच घ्या. नंतर मी वार्ताहराची वही मागवून घेतली. चौघांच्या बोलण्यात रास्ता रोको साडेदहाला सुरू झाला, लाठीमार सव्वाबाराच्या सुमारास झाला, पाऊण वाजता रस्ता खुला झाला, याबद्दल वाद नव्हता. ग्रामीण रुग्णालयाच्या एमएलसी नोंदीत १४ जखमी होते, ११ आंदोलक आणि ३ पोलीस. जीपची पुढची आणि एसटीची मागची काच फुटली होती. हेही कोणी नाकारत नव्हते. वाद दोनच गोष्टींचा: जीपवर दगड आधी आला की लाठी आधी पडली, आणि जमावाला पांगण्याची सूचना दिली होती की नाही. दुसरा मुद्दा बारीक वाटतो, पण नाही. जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याआधी पांगण्याचा आदेश देण्याची तरतूद कायद्यात आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये. आदेश न देताही बळ वापरता येते, पण जमावाच्या वागण्यातून न हलण्याचा निर्धार दिसला तरच. म्हणून ‘सूचना ऐकली नाही’ हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी तक्रारीचे वाटले तरी तपासात त्याला वजन असते. मी ते गाळले होते.

तीच बातमी आज लिहिली असती तर अशी लिहिली असती:

‘चौफुलीवर कांदा उत्पादकांनी मंगळवारी केलेल्या रास्ता रोकोत १४ जण जखमी झाले. त्यांत ११ आंदोलक व ३ पोलीस असल्याची नोंद ग्रामीण रुग्णालयात आहे. सकाळी साडेदहाला अडवलेला रस्ता पाऊण वाजता खुला झाला. सव्वाबाराच्या सुमारास पोलिसांनी लाठीमार केला. जीपची पुढची व एसटीची मागची काच फुटली. सुरुवात कशी झाली आणि जमावाला सूचना मिळाली का, याबद्दल तेथे हजर असलेल्यांची म्हणणी वेगळी आहेत. ती जीपपासून मागे, ज्या क्रमाने माणसे उभी होती त्या क्रमाने दिली आहेत.

पोलीस निरीक्षक जीपजवळ होते. ध्वनिक्षेपकावरून तीनदा सूचना दिली, त्यानंतर जीपवर दगड आला आणि मग लाठीमाराचा आदेश दिला, असे त्यांनी सायंकाळी ठाण्यात सांगितले. दगड कोणी मारला ते दिसले नाही, असेही ते म्हणाले.

जीपसमोर पहिल्या रांगेत बसलेल्या एका शेतकऱ्याने रुग्णालयात सांगितले, की सूचना ऐकू आली नाही; पोलीस चालून आले तेव्हा ते बसलेलेच होते आणि तोवर दगड आलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या पाठीमागे काय चालले होते ते दिसत नव्हते, असे ते म्हणाले.

गर्दीच्या मागे अडकलेल्या एसटीचे वाहक बसमध्ये होते. काच फुटली तेव्हा पुढून लोक पळत येत होते, असे त्यांनी सांगितले. जीप तेथून दिसत नव्हती.

बसशेजारच्या टपरीचालकांनी काही मुलांना बसवर दगड मारताना पाहिले. ध्वनिक्षेपकाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, असे त्यांनी सांगितले. ते पुढचे काही सांगू शकत नाहीत.’

हे लांब झाले, कबूल. पण पहिल्या मजकुरात जे नव्हते ते पाहा. निरीक्षकांनाही दगड मारणारा दिसला नव्हता. शेतकऱ्याला मागचे दिसत नव्हते. ‘मला दिसले नाही’ हे वाक्य प्रत्येकाकडून मिळवायचे आणि प्रत्येकाच्या परिच्छेदात ठेवायचे. एकाचेच ठेवले तर तो त्याच्या साक्षीला लावलेला सुरुंग ठरतो.

इथे एक मोह होतो, आणि हुशार उपसंपादकाला जास्त होतो. चौघांना जोडून पाचवी गोष्ट रचायची: सूचना दिली असेल, पण गोंगाटात पुढे ऐकू गेली नसेल, जीपवरचा दगड मागून आला असेल. असेलही. पण हे कोणीच पाहिलेले नाही. सगळ्यांना थोडे थोडे खरे ठरवणारा हा सुवर्णमध्य म्हणजे आणखी एक साक्ष, आणि तिचा साक्षीदार त्या दिवशी शहरात पंख्याखाली बसला होता.

क्रमाबद्दल. शेवटी येतो त्याचे म्हणणे टिकते, पहिल्याचे जग मांडले जाते. यातून सुटका नाही. म्हणून क्रमाला एक उघड कारण द्या आणि ते वाचकाला सांगा: जागेचा क्रम, वेळेचा क्रम, काहीही; फक्त हुद्द्याचा नको. आणि ओळी मोजून सारख्या करू नका. वाहकाने तीन वाक्ये सांगितली तर तीनच छापा. सारखे असायला हवेत ते प्रश्न.

आता पोलीस ठाण्यातून येणाऱ्या कागदाबद्दल. अशा प्रकरणात बहुधा सरकारतर्फे एखादा पोलीस कर्मचारीच फिर्यादी असतो. म्हणजे एफआयआर हे भांडणातल्या एका पक्षाचे, त्याच दिवशी लिहिलेले म्हणणे आहे. आपल्या पानांवर ते ‘गैरकायद्याची मंडळी जमवून, संगनमत करून’ अशा ठाण्याच्या मराठीतच उतरते, फक्त ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हे शब्द जागेअभावी उडतात. ते तीन शब्द कधीही छाटू नका. उलट, जिल्ह्याच्या ठिकाणाहून पत्रक काढणारे अधिकारी आणि मुंबईहून निषेध करणारे नेते हे साक्षीदार नाहीत. त्यांची वाक्ये वेगळ्या बातमीत घ्या. चौफुलीवर उभ्या असलेल्यांच्या शेजारी त्यांना बसवले, की साक्षींची बातमी प्रतिक्रियांची बातमी होते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हा पळपुटेपणा आहे, पत्रकाराने खरे काय ते सांगावे. जिथे सांगता येते तिथे सांगायलाच हवे. वेळ दिसणारे चित्रीकरण हाती आले, आणि त्यात लाठी पडताना जीपची काच शाबूत असली, तर ते आपल्या नावाने छापा; त्याला कोणाच्या साक्षीच्या पंगतीला बसवू नका. जखमी ११ की ३० याबद्दल दोन म्हणणी देत बसणे हा आळस आहे, रुग्णालयात जाऊन नोंद पाहा. मोजता येते ते मोजावे. मी बोलतो आहे ते उरलेल्या गोष्टींबद्दल, ज्यांचा पुरावा त्या रात्री फक्त माणसांच्या डोळ्यांत होता.

आणि त्या रात्री निवड केली तर काय होते, याचे मोठे उदाहरण टायटॅनिकचे आहे. १९१२ साली ते जहाज बुडाले तेव्हा शेकडो माणसे होड्यांतून पाहत होती. काही खलाशांनी आणि प्रवाशांनी सांगितले, की जहाज पाण्यावरच मोडून दोन तुकडे झाले. वाचलेल्यांतले सर्वांत वरिष्ठ अधिकारी लाइटोलर यांनी ठामपणे सांगितले, की ते अखंडच गेले. अमेरिकन सिनेटच्या समितीने अहवालात मान्य केले, की याबद्दल परस्परविरोधी साक्षी पुष्कळ आहेत. आणि त्याच वाक्यात पुराव्याचा कल पाहून जहाज अखंड बुडाल्याचे नोंदवले. ब्रिटिश चौकशीचाही निष्कर्ष तोच. अधिकृत गोष्ट पक्की झाली. १९८५ मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोल समुद्रतळावर अवशेष सापडले, तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर अंतरावर पडलेले होते. त्र्याहत्तर वर्षे ती माणसे भ्रमिष्ट ठरली होती. त्या समितीने एक गोष्ट चांगली केली होती. साक्षी शब्दशः छापून ठेवल्या होत्या. म्हणून १९८५ नंतर त्या पुन्हा काढून वाचता आल्या. आपल्या चौफुलीच्या साक्षी आपण छाटून टाकतो. वार्ताहराची वही पुढच्या दिवाळीला रद्दीत जाते. तेवढी तरी ठेवत जा.

मथळ्याचे मला आजवर पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. ‘दगडफेक, लाठीमार’ असे लिहिले की क्रम लागला. उलटे लिहिले की उलटा लागला. स्वल्पविराम आणि अर्धविरामसुद्धा कारण-परिणाम सांगतात. त्यातल्या त्यात निर्विवाद गोष्ट वर घ्यावी: ‘रास्ता रोकोत १४ जखमी; सुरुवात कशी झाली यावर वेगवेगळी म्हणणी’. रटाळ आहे, वितरण विभाग नाक मुरडेल. छायाचित्राचे त्याहून अवघड. रक्ताळलेले डोके लावले की एक कौल, रस्त्यावरच्या दगडांचा खच लावला की दुसरा. मी असतो तर दोन्ही सारख्या आकारात लावली असती, किंवा रिकाम्या चौफुलीचे एकच. ओळीत वेळ आणि जागा, बाकी काही नाही.

त्या टपरीचालकानंतर मी रात्रपाळीला एक सवय लावून घेतली. अशी बातमी झाली की तिची प्रिंट काढून तिघांना वाचायला द्यायची: जुळारी विभागातला एक, जाहिरातीतला कोणी थांबला असेल तर तो, आणि कॅन्टीनचा पोरगा. एकच प्रश्न: यात खोटे कोण बोलतेय असे वाटते? तिघांनी तीन उत्तरे दिली किंवा ‘कळत नाही’ म्हटले, की पान सोडायचे. तिघांनी एकाच माणसाकडे बोट दाखवले, की बातमी परत घ्यायची आणि तो कौल कुठून झिरपतोय ते शोधायचे. दहातल्या आठ वेळा एखादा ‘मात्र’ सापडायचा. उरलेल्या वेळी कोणाची तरी जागा छाटलेली असायची. पाच-सात मिनिटांचे काम आहे. पान अडकण्याइतका उशीर त्यामुळे कधी झाला नाही.

टपरीचालकाच्या बाबतीत आम्ही चौथ्या दिवशी आतल्या पानावर, तळाला, चार ओळींचा खुलासा छापला. त्यात त्यांची जागा दिली, बसवर दगड पाहिले एवढेच त्यांचे म्हणणे होते असे लिहिले. घाईत मी खुलाशाच्या शेवटी ‘असा त्यांचा दावा आहे’ असे लिहून गेलो होतो. कॅन्टीनच्या पोराने ते पकडले, पण दुसऱ्या दिवशी, छापलेल्या अंकात.

आपला नम्र,
एक निवृत्त उपसंपादक